मचमच, टकटक आणि डोक्यात जाणारी तिडीक : मिसोफोनिया कसा ओळखला गेला

जेवताना शेजारच्या माणसाच्या तोंडाचा मचमच आवाज ऐकून तुमच्या डोक्यात तिडीक जाते का? ऑफिसात कुणी पेनचे बटण टिकटिक करत राहिले किंवा टेबलावर बोटे वाजवत बसले, तर हातातले काम सुटून सगळे लक्ष त्या आवाजाकडेच लागते का? थोडी कटकट सगळ्यांनाच होते. पण काही माणसांना असा आवाज ऐकताच क्षणात राग येतो, छाती धडधडते, हाताच्या मुठी वळतात, आणि एक तर त्या माणसावर ओरडावे किंवा तिथून उठून जावे एवढेच सुचते. आवाज थांबला की राग ओसरतो आणि मागे अपराधीपणा उरतो, कारण समोरचा माणूस बहुतेक वेळा आपलाच असतो. नवरा, आई, भाऊ.

हा शिष्टाचाराचा प्रश्न नाही, हे आधी सांगतो. "मचमच करून खाऊ नकोस" असे आपल्या घरांत लहान मुलांना सांगतात, आणि त्याच घरात गरम कढीचा भुरका मारला तर कुणाची हरकत नसते. कोणता आवाज असभ्य आणि कोणता कौतुकाचा, हे रीतीने ठरते. मी ज्यांच्याविषयी लिहितो आहे त्यांना समोरचा माणूस तोंड मिटून, अगदी सभ्यपणे जेवत असला तरी त्रास होतो. या त्रासाला मिसोफोनिया म्हणतात. हे नाव 2001 सालचे आहे. माणसे घास चावायला लागून लाखो वर्षे झाली, मग नाव मिळायला एवढा उशीर का लागला? याचे उत्तर शोधताना हा त्रास नेमका काय आहे तेही कळते, म्हणून त्याचा इतिहास थोडा सविस्तर सांगतो.

आवाजाने त्रासलेली माणसे इतिहासात भरपूर सापडतात. जर्मन तत्त्वज्ञ शोपेनहाउएर याने 1851 साली गोंगाटावर एक निबंध छापला. रस्त्यावरचे गाडीवाले चाबकाचे फटकारे मारतात त्यावर त्याचा विशेष राग होता. लंडनमध्ये टॉमस कार्लाइल या लेखकाने शेजाऱ्यांच्या कोंबड्यांना आणि पियानोला कंटाळून 1853 साली घराच्या माथ्यावर आवाज न येणारी खोली बांधून घेतली, आणि तिथेही आवाज येतच राहिले. अशा मंडळींना आज कुणी कुणी मिसोफोनियाचे पहिले रुग्ण म्हणतात. मला ते पटत नाही. चाबकाचा फटकारा मोठा असतो, अचानक येतो आणि कुणालाही दचकवतो. जेवणाच्या टेबलावरचा घास चावण्याचा आवाज साध्या बोलण्यापेक्षाही हळू असतो. शेजारी बसलेल्या बाकीच्या चौघांना तो ऐकूही येत नाही. मोठ्या आवाजाचा त्रास समजायला सोपा आहे. एवढ्याशा आवाजाने एवढा मोठा राग का यावा, हे कोडे आहे. आणि ते रागीट स्वभाव, लाड, नखरे अशा खात्यांत सहज खपून जात असल्यामुळे डॉक्टरपर्यंत पोचतच नव्हते.

ते पोचले तेही आडवाटेने, कानात येणाऱ्या आवाजाच्या संशोधनातून.

कानात सतत घू घू किंवा शिट्टीसारखा आवाज येणे याला टिनिटस म्हणतात. माझ्या पिढीच्या डॉक्टरांना याचे एक कारण पाठ असे. सांध्यांच्या तापावर अ‍ॅस्पिरिनचे मोठे डोस देत, आणि रुग्ण "कानात आवाज येतोय" म्हणाला की डोस फार झाला असे समजायचे. अ‍ॅस्पिरिनच्या घराण्यातल्या सॅलिसिलेट औषधांचा हा गुण पॉवेल यास्त्रेबॉफ या मूळच्या पोलंडच्या शास्त्रज्ञाने वापरून घेतला. 1988 साली अमेरिकेत त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी उंदरांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. अडचण अशी होती की उंदराच्या कानात आवाज येतो की नाही, हे उंदीर सांगणार कसा?

त्यांनी तहानलेले उंदीर पिंजऱ्यात ठेवले. पिंजऱ्यात सतत एकसारखा आवाज चालू असे आणि उंदीर नळीतून पाणी चाटत. मधूनच तो आवाज बंद होई आणि शांततेच्या शेवटी पायाला विजेचा हलका झटका बसे. थोड्याच दिवसांत उंदीर शिकले की शांतता झाली म्हणजे झटका येणार, आणि शांतता होताच ते पाणी चाटायचे थांबू लागले. मग झटके बंद करून काही उंदरांना सॅलिसिलेट दिले. साधे उंदीर शांतता झाली की बरेच दिवस थबकत राहिले. औषध दिलेले उंदीर मात्र लवकरच शांततेतही पाणी चाटू लागले. त्यांच्यासाठी शांतता उरलीच नव्हती, कारण कानातला आवाज चालूच होता.

हा प्रयोग टिनिटसचा आहे, पण त्यात आपल्या विषयाचे बीज आहे. त्या उंदरांना शांततेची भीती बसली होती. आवाजाचा, किंवा आवाज नसण्याचा, अर्थ मेंदू ठरवतो आणि एकदा धोक्याचा शिक्का बसला की शरीर त्यावर आपोआप वागते. 1990 साली यास्त्रेबॉफने टिनिटसबद्दल असाच विचार मांडला. टिनिटसच्या रुग्णाला कानातल्या आवाजाशी बाहेरचा आवाज जुळवायला सांगितले, तर बहुतेकदा तो अगदी हळू निघतो. तरी एक रुग्ण त्याकडे दुर्लक्ष करून झोपतो आणि दुसऱ्याचे आयुष्य त्याने नासते. फरक आवाजाच्या मोठेपणात नसतो. मेंदूतली ऐकण्याची वाट जिथे भावनांच्या केंद्रांशी आणि धडधड, घाम, ताण चालवणाऱ्या स्वयंचलित यंत्रणेशी जोडली जाते, तिथे तो असतो.

या विचारावर टिनिटसची उपचारपद्धती उभी राहिली आणि तिच्यासाठी येणाऱ्या रुग्णांमध्ये पॉवेल आणि त्याची पत्नी मार्गारेट यांना आणखी एक गोष्ट दिसली. अनेकांना बाहेरचे आवाजही सहन होत नव्हते, आणि त्यांचे दोन वेगळे गट पडत होते. पहिल्या गटाला कोणताही आवाज ठरावीक पातळीच्या वर गेला की त्रास होई. मग तो भांडी पडल्याचा असो, हॉर्न असो, लग्नातला बँड असो, आवाज कुणी केला याने फरक पडत नसे. याला हायपरअ‍ॅक्युसिस म्हणतात, आणि ते तपासता येते. कानाच्या तपासणीत शुद्ध स्वर हळूहळू मोठा करत नेतात आणि नकोसा होईल तिथे हात वर करायला सांगतात. सर्वसाधारण माणूस साधारण 100 डेसिबलच्या आसपास हात वर करतो, या रुग्णांचा हात त्याच्या बराच आधी वर जातो.

दुसऱ्या गटाचे गणित यात बसेना. त्यांना मिक्सर, ट्रॅफिक, फटाके यांचे फारसे काही वाटत नसे, आणि ठरावीक हळू आवाज मात्र असह्य होत. तोच आवाज एका माणसाने केला तर चाले, दुसऱ्याने केला तर चालत नसे. म्हणजे कानाकडे येणाऱ्या आवाजाची ताकद यात कामाची नव्हती. तो कसला, कुणाचा आणि मागे त्याचा काय अनुभव आला होता, हे कामाचे होते. या गटाला यास्त्रेबॉफ दाम्पत्याने 2001 साली मिसोफोनिया हे नाव दिले. ग्रीक भाषेत मिसोस म्हणजे द्वेष आणि फोने म्हणजे आवाज. नाव फारसे चांगले जमलेले नाही असे मला वाटते, कारण या लोकांना आवाजाचा द्वेष अजिबात नसतो. त्यातले कितीतरी जण संगीतात रमणारे असतात. पण नाव रूढ झाले. त्याच सुमारास अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये मार्शा जॉन्सन या कानाच्या तज्ज्ञ बाईंनाही असेच रुग्ण दिसत होते आणि त्यांनी निवडक आवाजांची संवेदनशीलता अशा अर्थाचे वेगळे नाव सुचवले होते. ते मागे पडले.

हा फरक प्रत्यक्षात कसा दिसतो ते एका रुग्णाच्या उदाहरणाने सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. सोळा वर्षांच्या एका मुलीला तिची आई वजन कमी होते म्हणून घेऊन आली. चार महिन्यांत तीन किलो वजन घटले होते. हिमोग्लोबिन ठीक, थायरॉइड ठीक, पोटाची काही तक्रार नाही. जेवण का जात नाही विचारले तर मुलगी गप्प. आईच म्हणाली, "ही आमच्यात बसतच नाही. ताट घेऊन खोलीत जाते, नाहीतर नंतर जेवते म्हणते आणि जेवतच नाही." आईला बाहेर बसवून विचारल्यावर मुलीने सांगितले, "बाबा भाकरी चावतात तो आवाज मला सहन होत नाही. मला त्यांना मारावंसं वाटतं. मग मला स्वतःचीच लाज वाटते."

मग मी तिला एकेक आवाज विचारत गेलो. कुकरची शिट्टी? काही नाही. गणपतीतला ढोल? आवडतो, मैत्रिणींबरोबर पथकात जाते. वर्गात मैत्रीण वेफर्स खाते तेव्हा? थोडा त्रास होतो. आजी कवळी लावून जेवते तेव्हा? आजीचे काही वाटत नाही. मावशीचा दीड वर्षाचा मुलगा मचमच करत केळे खातो? ती हसली, "तो गोड खातो." ती स्वतः भाकरी खाते तेव्हा? तिला प्रश्नच कळला नाही. हे कधीपासून आहे? सातवीत असल्यापासून, आधी फक्त बाबांचे जेवण, मग बाबांचे चहाचे घोट, आणि आता तर बाबा ताटाकडे हात नेताना दिसले तरी पोटात गोळा येतो.

एवढी उत्तरे मिळाली की निदान जवळजवळ झालेलेच असते. मोठ्या आवाजांचा त्रास नाही, म्हणजे हायपरअ‍ॅक्युसिस नाही. आवाज हळू, तोंडाचा, परत परत येणारा, आणि ठरावीक माणसाचा. लहान मुलाने किंवा आपण स्वतः केला तर चालतो. सुरुवात शाळेच्या वरच्या वर्गांत, आणि हळूहळू आवाजाआधीचे दृश्यही त्रास देऊ लागते. कानाच्या डॉक्टरांकडून श्रवणचाचणी करून घेतली, ती अगदी सामान्य आली. जेवणाबद्दल किंवा वजनाबद्दल दुसरी काही धास्ती नाही, हेही पाहून घेतले, कारण या वयात वजन घटले तर तो प्रश्न विचारावाच लागतो. नंतर वडील भेटायला आले तेव्हा म्हणाले, "डॉक्टर, माझ्याच घरात मला जेवायची चोरी झाली आहे." मुलगी आपला तिरस्कार करते असे त्यांना वाटत होते. या आजारात सगळ्यात जास्त नुकसान इथे होते.

2001 नंतर दहा वर्षे हा विषय कानाच्या दवाखान्यांपुरताच राहिला. पुढचे पाऊल मानसोपचारतज्ज्ञांनी टाकले. अ‍ॅमस्टरडॅममधल्या श्रोडर आणि डेनिस यांच्या गटाने 2013 साली 42 रुग्णांचा सविस्तर अभ्यास छापला. 42 पैकी 34 जणांना खाण्याच्या आवाजाचा त्रास होता, 27 जणांना श्वासाचा किंवा नाकाचा, आणि 25 जणांना कीबोर्डची टकटक किंवा पेनची टिकटिक यांसारख्या आवाजांचा. सुरुवातीचे वय सरासरी तेराच्या आसपास. आवाज ऐकल्याबरोबर चीड किंवा किळस, आणि तिचा लगेच राग होणे, हा क्रम सगळ्यांत सारखा होता. हा राग अवाजवी आहे हे रुग्णांना कळतही होते. भीती, संशय किंवा भास यांत नव्हता. उपलब्ध असलेल्या कुठल्याच मानसिक आजाराच्या व्याख्येत हे नीट बसत नाही, तेव्हा याला वेगळा आजार माना, असे त्यांनी सुचवले. मंत्रचळाच्या म्हणजे ओसीडीच्या कुटुंबात तो ठेवावा ही त्यांची सूचना मात्र पुढे सगळ्यांनी मान्य केली नाही.

त्याच वर्षी सॅन डिएगोमध्ये व्ही. एस. रामचंद्रन यांच्या प्रयोगशाळेतून एक छोटा अभ्यास आला. अशा लोकांना आवाज ऐकवताना त्यांच्या त्वचेची विद्युतवाहकता मोजली, म्हणजे सोप्या भाषेत त्यांना किती घाम सुटतो ते पाहिले. नको त्या आवाजांना त्यांच्या शरीराने इतरांपेक्षा जोरात प्रतिसाद दिला. घाम ठरवून आणता येत नाही. "हे सगळे नाटक आहे" म्हणणाऱ्या नातेवाइकांना मी हा मुद्दा आवर्जून सांगतो.

हे किती जणांना होते? फ्लॉरिडातल्या 483 महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या 2014 सालच्या पाहणीत सुमारे 20 टक्क्यांना लक्षात येण्याजोगा त्रास होता. हा आकडा ऐकून दचकू नका. प्रश्नावलीवर खूण करणे आणि घरात वेगळे जेवायची वेळ येणे यांत पुष्कळ अंतर आहे. आपल्याकडे म्हैसूरच्या अखिल भारतीय वाक् श्रवण संस्थेतल्या संशोधकांनीही विद्यार्थ्यांची अशी पाहणी केली आहे, त्यामुळे हा पाश्चात्यांचा नवा फॅड आहे असे म्हणायला जागा नाही.

आता मेंदूकडे वळू. इंग्लंडमधल्या न्यूकॅसल विद्यापीठात सुखबिंदर कुमार हे संशोधक नकोशा आवाजांवर काम करत होते. 2012 साली त्यांनी लोकांना वेगवेगळे आवाज ऐकवून कोणता सर्वांत असह्य वाटतो ते पाहिले. बाटलीवर सुरी घासल्याचा आवाज पहिला आला. फळ्यावरचा खडूही वरच्या नंबरांत होता. हे आवाज सगळ्यांच्याच अंगावर काटा आणतात आणि त्यांच्या लहरींतच काहीतरी कर्कश असते. मिसोफोनियाचे आवाज असे नसतात, घास चावण्यात कर्कश असे काहीच नाही. म्हणून 2017 सालच्या पुढच्या अभ्यासात त्यांनी 20 मिसोफोनियाचे लोक आणि 22 इतर लोक घेतले, आणि दोघांनाही तीन प्रकारचे आवाज मेंदूचा एमआरआय चालू असताना ऐकवले. पावसासारखे साधे आवाज, बाळाचे रडणे आणि किंचाळणे यांसारखे सगळ्यांनाच नकोसे वाटणारे आवाज, आणि खाण्याचे व श्वासाचे आवाज.

साध्या आणि नकोशा आवाजांवर दोन्ही गट सारखेच वागले. म्हणजे मिसोफोनियाची माणसे सगळ्याच बाबतीत हळवी किंवा चिडकी नव्हती. फरक पडला तो तिसऱ्या प्रकारात. तिथे त्यांच्या हृदयाचे ठोके वाढले, घाम वाढला, आणि मेंदूतल्या इन्सुला नावाच्या भागाचा पुढचा हिस्सा इतरांपेक्षा खूप जास्त जागा झाला. हा भाग कपाळाच्या कडेला, मेंदूच्या घडीत आत लपलेला असतो. शरीरात काय चालले आहे याची खबर घेणे आणि आसपासच्या शंभर गोष्टींतून "याकडे लक्ष दे" असे ठरवणे, ही त्याची कामे. घास चावण्याच्या आवाजावर तो भाग "महत्त्वाचे, लक्ष दे" असा शिक्का मारत होता आणि भावनांच्या व आठवणींच्या केंद्रांशी त्याचे बोलणे गरजेपेक्षा जास्त चालले होते. त्या गटातले प्राध्यापक टिम ग्रिफिथ्स यांनी तेव्हा मोकळेपणाने सांगितले की रुग्ण प्रत्यक्ष बघेपर्यंत आपणही या आजाराबद्दल साशंक होतो.

इथे एक खुलासा. एमआरआय काढून मिसोफोनियाचे निदान होत नाही. वीस-बावीस जणांच्या गटांची सरासरी काढल्यावर दिसणारा हा फरक आहे, एका माणसाच्या चित्रात तो वाचता येत नाही. कुणी त्यासाठी स्कॅन करा म्हटले तर पैसे खर्च करू नका.

2021 साली त्याच गटाने आणखी एक धागा काढला, आणि मला तो सगळ्यात विचार करायला लावणारा वाटतो. नकोसा आवाज ऐकताना मिसोफोनियाच्या लोकांत ऐकण्याचे केंद्र इतरांपेक्षा जास्त काम करत नव्हते. जास्त काम करत होता तो आपले स्वतःचे ओठ, जीभ आणि जबडा हलवणारा भाग. समोरचा चावतो आहे आणि ऐकणाऱ्याच्या मेंदूतले चावण्याचे यंत्र न सांगता चालू होते आहे, असे जणू. दुसऱ्याची जांभई पाहून आपल्याला जांभई येते, तशी मेंदूची नक्कल करण्याची सवय सगळ्यांनाच असते. इथे ती प्रमाणाबाहेर जाते आणि कुणीतरी आपल्या शरीरात घुसून ते हलवतो आहे अशी भावना होते, असा त्यांचा तर्क आहे. अजून तो तर्कच आहे. पण त्यामुळे एक जुनी गोष्ट समजते. अनेक रुग्ण समोरच्याच्या चावण्याची मुद्दाम नक्कल करतात, त्याच्याबरोबर तसेच चावतात, आणि म्हणतात की त्याने बरे वाटते. घरच्यांना ते वेडावणे वाटते आणि भांडण वाढते. खरे तर शरीराचा ताबा परत घेण्याची ती धडपड असावी. माझ्या त्या मुलीनेही हे विचारल्यावर मान डोलावली.

मग बोटांच्या टकटकीचे काय? तिथे तोंडाचा संबंध नाही. ओहायो स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी 2022 साली नेमके हेच तपासले. बोटांच्या आवाजाचा त्रास होणाऱ्यांत इन्सुलाचे बोलणे बोटांच्या हालचालींशी आणि स्पर्शाशी जोडलेल्या भागांशी जास्त चालत होते, तोंडाच्या भागाशी नव्हे. सहभागी थोडेच होते आणि त्यांचा त्रास सौम्य होता, त्यामुळे यावर फार मोठी इमारत उभी करता येत नाही. तरी दुसऱ्याच्या शरीराची हालचाल आपल्या आत उमटते, ही कल्पना दोन्हीकडे लागू पडते.

अर्थाचा भाग यानेही सुटत नाही. सॅन डिएगोतच पुढे लोकांना माणसांच्या खाण्याचे, प्राण्यांच्या खाण्याचे आणि त्यांच्यासारखे वाटणारे इतर आवाज ऐकवले. माणसाच्या खाण्याचा आवाज चुकून दुसऱ्या कशाचा तरी आहे असे वाटले, तेव्हा त्रास कमी झाला. आवाज तोच, कान तेच, फक्त तो कशाचा आहे याची समजूत बदलली. बाळाने केळे खाल्ले तर चालते आणि बाबांनी भाकरी खाल्ली तर चालत नाही, याचे मर्म इथे आहे. उपचारांचीही सुरुवात इथूनच होते.

मिसोफोनियासाठी मान्यताप्राप्त औषध नाही. सोबत नैराश्य किंवा चिंता असेल तर त्यांची औषधे द्यावी लागतात, ती वेगळी गोष्ट. अ‍ॅमस्टरडॅमच्या गटाने 54 रुग्णांवर वर्तन आणि विचार बदलण्याच्या मानसोपचाराची, म्हणजे सीबीटीची, चाचणी घेतली. तीन महिन्यांनंतर उपचार घेतलेल्यांपैकी 37 टक्के लोकांत स्पष्ट सुधारणा झाली, नुसती वाट पाहणाऱ्यांत एकाचीही नाही. 37 टक्के म्हणजे निम्म्याहून कमी, हे लपवण्यात अर्थ नाही. या उपचारात रुग्णाला नकोशा आवाजासमोर बळेच बसवत नाहीत. लक्ष दुसरीकडे वळवण्याचा आणि अंग सैल सोडण्याचा सराव असतो. शिवाय रुग्ण आपल्याला छळणारा आवाज संगणकावर घेऊन त्याची गती आणि पट्टी स्वतः बदलतो, त्याला आवडती चित्रे जोडतो. आवाजाचा ताबा त्याच्या हातात येतो आणि त्या आवाजाला दुसरा अर्थ चिकटू लागतो.

त्या मुलीच्या घरी आम्ही आधी साध्या गोष्टी केल्या. जेवताना पंखा आणि रेडिओ चालू, म्हणजे हळू आवाज त्यात बुडतो. तिची जागा वडिलांच्या समोरून काढून त्यांच्याच रांगेत, मध्ये आई बसेल अशी केली, म्हणजे तोंड दिसत नाही. फार झाले तर "मी येते" एवढेच म्हणून उठायचे, आणि कुणी कारण विचारायचे नाही. वडिलांना सांगितले की तुमच्या चावण्यात दोष नाही आणि तिच्या मनात तिरस्कार नाही, त्यामुळे घाबरून अर्धपोटी उठू नका. तिला मानसशास्त्रज्ञांकडे पाठवले. सहा महिन्यांनी वजन भरून आले होते आणि आठवड्यातून चार-पाच दिवस ती सगळ्यांबरोबर जेवत होती. उरलेले दिवस खोलीत. त्रास पूर्ण गेला नाही.

दोन गोष्टी करू नका. दिवसभर कानात बोळे घालून राहू नका, कारण शांततेची सवय झाली की बाहेरचे आवाज आणखी टोचतात. प्रवासात, परीक्षेत थोडा वेळ घातले तर हरकत नाही. आणि "सवय होईल" म्हणून मुलाला जबरदस्तीने समोर बसवून चिवडा खाऊन दाखवू नका. अशा वेळी शिक्का पुसला जात नाही, उलट गडद होतो. यास्त्रेबॉफच्या उंदरांची शांततेची भीती झटके बंद झाल्यावर कमी झाली होती, झटके चालू असताना नाही.

2022 साली वेगवेगळ्या शाखांच्या तज्ज्ञांनी एकत्र येऊन मिसोफोनियाची एक व्याख्या ठरवली. ठरावीक आवाज, किंवा त्यांच्याशी जोडलेली दृश्ये, सहन न होण्याचा हा विकार आहे, आणि आवाजाचा मोठेपणा त्यात निर्णायक नाही, असे त्यात म्हटले आहे. मानसिक आजारांच्या अमेरिकन यादीत किंवा जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी यादीत त्याला स्वतंत्र जागा अजून नाही. त्यामुळे तुमच्या डॉक्टरांनी हे नाव ऐकलेले नसेल तर नवल वाटून घेऊ नका. कोणता आवाज, कुणाचा, किती वर्षांपासून, आणि कोणता चालतो, हे एका कागदावर लिहून न्या. सगळेच मोठे आवाज एकाएकी टोचू लागले असतील, एका कानाने कमी ऐकू येत असेल, कान दुखत असेल किंवा त्याबरोबर अर्धे डोके दुखत असेल, तर ते मिसोफोनिया नसण्याची शक्यता जास्त, आणि आधी कानाच्या डॉक्टरांना दाखवा. ऐकू येणे एकाएकी कमी झाले असेल तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका.